रेन पँट घेताना कापडाआधी चेन बघा : पावसाळाभर वापरल्यानंतर

मागच्या जूनच्या तोंडावर ही रेन पँट घेतली. पावसाळाभर सह्याद्रीत वापरली, थंडीत हिमाचलातही नेली. अडीच लेयरचं कापड, म्हणजे बाहेरचं कापड, त्यामागे पाणी अडवणारा पडदा आणि आतून पूर्ण अस्तराऐवजी नुसता छापील थर, शिवणींवर आतून टेप आणि दोन्ही पायांना कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण चेन, तिला वर एक आणि खाली एक असे दोन रनर. पाणी आत येत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण चढावर हिच्यात घाम कसा साठू द्यायचा नाही, हा खरा प्रश्न आहे आणि दुकानात त्यावर कुणी बोलत नाही.

लेबलवर 'ब्रीदेबल' लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. आतली वाफ बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असते म्हणून. हिमाचलच्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा, तिथे कापडाने काम चोख केलं. जुलैत आपल्याकडे बाहेरची हवाच पाण्याने गच्च आणि वर उबदार, तिथे वाफ जाणार कुठे? त्यात वरचं कापड भिजून चिकटलं की उरलासुरला मार्गही बंद. म्हणून आपल्याकडे घाम निघतो तो चेनमधूनच.

कळसूबाईचंच घ्या. बारी गावातून निघताना भुरभुर असेल आणि वारा नसेल, तर पँट सॅकमध्येच ठेवतो. चढावर पाय ओले झाले तरी गार पडत नाहीत. पटकन सुकणारी थ्री-फोर्थ पुरते. पाऊस जोर धरायला लागला आणि वारा सुटला की पँट चढवायची. पूर्ण चेनमुळे बूट न काढता घालता येते, चिखलात हे सुख मोठं आहे.

खरी गंमत पुढे. घाम फुटायची वाट बघायची नाही, चढ सुरू व्हायच्या आधीच हवा खेळती करायची. कमरेचं बटण लावलेलंच राहू द्यायचं, वरचा रनर मांडीच्या मध्यापर्यंत खाली ओढायचा आणि खालचा रनर घोट्यापासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत वर घ्यायचा. दोन तोंडं उघडी असली की पाऊल टाकताना पँट भात्यासारखी चालते, खालून गार हवा आत आणि वरून गरम बाहेर. फक्त खालची उघडली तर मांडीतला उबारा तसाच राहतो. सॅकचा कमरपट्टा चेनच्या वरच्या टोकावर बसतो, म्हणून फट पट्ट्याच्या खाली मोकळी राहतेय ना, हे हाताने चाचपून बघायचं. पाऊस एका अंगाने येत असेल तर त्या पायाची वरची चेन बंद आणि दुसऱ्या पायाची मात्र थेट गुडघ्यापर्यंत उघडी. थोडं पाणी आत येतंच. ते घामापेक्षा परवडतं.

लोखंडी शिड्यांपाशी मात्र खालचे रनर बंद करतो. पँटचं फडफडणारं टोक पायरीत अडकलं तर तोल जातो. माथ्याच्या अलीकडे वारा अंगावर यायला लागला की थांबायच्या आधीच वरच्याही चेन लावायच्या. देवळापाशी पोचून मग लावल्या तर तोवर ओल्या मांड्या गारठलेल्या असतात.

आत ओल दिसली म्हणून लगेच पँटला दोष देऊ नका. घामाची ओल मांडीवर सगळीकडे सारखी पसरते आणि कोमट लागते. गळतीची ओल गार असते आणि एका जागी सुरू होते : बैठकीची शिवण, गुडघा, किंवा चेनची रेघ. शंका असेल तर घरी पँट उलटी करून संशयाची जागा खोलगट धरायची, त्यात पाणी ओतायचं आणि खालून थेंब झिरपतो का बघायचं.

पाऊस संपता संपता पाण्याचे थेंब कापडावरून ओघळायचे बंद झाले. लाल माती कापडात बसली होती. सौम्य द्रव साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुतली आणि लेबलवर परवानगी आहे म्हणून वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवली. थेंब पुन्हा ओघळू लागले, पहिल्याइतके नाही. चेनच्या दातांत वाळू अडकून रनर खरखरत होता. टूथब्रशने दात साफ केले आणि मेणबत्ती घासली.

उणिवा सांगायच्या तर आतलं छापील अस्तर उघड्या कातडीला चिकटतं, त्यामुळे आत गुडघ्याखाली येणारी पातळ सिंथेटिक थ्री-फोर्थ हवीच. सुती ट्रॅक पँट नको, ती घाम धरून ठेवते. करवंदीच्या जाळीतून जाताना हे पातळ कापड जपावं लागतं. आणि फक्त घोट्यापाशी वीतभर चेन असलेली स्वस्त पँट मिळते, ती बसथांब्यापर्यंत ठीक, खड्या चढासाठी मी घेणार नाही.