बँक स्टेटमेंटशी बिलं ऑटो-मॅच करणं, आठ महिन्यांचा अनुभव

आमचं भोसरीत कंप्रेसर दुरुस्ती आणि एएमसीचं काम आहे, महिन्याला साठ-सत्तर बिलं जातात आणि वसुली मी बघते. आधी स्टेटमेंटची प्रिंट घेऊन पेन्सिलीने टिका मारत बसायचे, आता स्टेटमेंटची एक्सेल अपलोड केली की सॉफ्टवेअर जमा नोंदी आपापल्या बिलांना लावतं आणि न लागलेल्या बाजूला काढतं. दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं हे अगदी खरं, पण एका सेटिंगबद्दल मुद्दाम लिहितेय कारण त्यात आमचे पैसे अडकले होते.

पार्ट्या टीडीएस कापून पैसे टाकतात, त्यामुळे बिलाएवढी रक्कम येतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने ५ टक्के टॉलरन्स ठेवला होता, म्हणजे तेवढे कमी आले तरी बिल फिटलं आणि फरक टीडीएसला. ऑगस्टमध्ये एका पार्टीची तीन बिलांची मिळून एकच एनईएफटी आली, १,३६,२०० ची. बिलं होती ५९,०००, ३५,४०० आणि ४७,२००, एकूण १,४१,६००. फरक ५,४००, पाच टक्क्यांच्या आतच, त्यामुळे तिन्ही बिलं पेड दाखवून मोकळं!

नोव्हेंबरमध्ये २६एएस जुळवताना कळलं की त्या पेमेंटचा टीडीएस फक्त २,४०० आहे. आणि बरोबरच आहे ना, जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर कापतात, म्हणजे १,२०,००० वर २ टक्के. मग वरचे ३,००० कुठे गेले? फोन केला तर त्यांच्या अकाउंट्सवाल्या म्हणाल्या, "मॅडम, व्हॉल्व किट खराब निघालं म्हणून डेबिट नोट काढलीय की." ती आमच्यापर्यंत आलीच नव्हती आणि किट तर आम्ही केव्हाच बदलून दिलं होतं. सही-शिक्क्याचं चलन पाठवलं तेव्हा पुढच्या पेमेंटमध्ये पैसे आले.

आता टॉलरन्स फक्त १ रुपया ठेवलाय, राउंड ऑफपुरता, आणि प्रत्येक पार्टीच्या मास्टरमध्ये तिचा टीडीएस दर भरलाय. येणारी रक्कम म्हणजे बिल वजा मूळ रकमेवरचा टीडीएस, त्याहून कमी आलं की बिल लगेच पार्टली पेडमध्ये दिसतं. पहिल्याच महिन्यात अशी चार बिलं निघाली.

एक गोष्ट मात्र अजून हातानेच करावी लागते. एएमसीचं बिल दर महिन्याला सारखंच, ११,८००, आणि जमा ११,६००. एका पार्टीने जूनचं बिल वादात म्हणून थांबवलं आणि जुलैचं भरलं, सॉफ्टवेअरने सगळ्यात जुनं म्हणून ते जूनला लावलं आणि मी बिचाऱ्यांना जुलैसाठी फोन करत बसले. नॅरेशनमध्ये बिल नंबर नसतोच, मग त्याला तरी कसं कळणार. अशा सारख्या रकमेच्या पार्ट्यांचं ऑटो बंद ठेवलंय, पेमेंट अ‍ॅडव्हाइसचा मेल आल्याशिवाय मी ती नोंद लावत नाही.