‘जॅकपॉट कॉल’च्या नावाखाली माझे 1,30,150 रुपये गेले, ते असे

टेलिग्रामवरचे शेअर सुचवणारे असले गट कसे चालतात हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग सांगत बसत नाही. परंतु तिथली भाषा नवख्या गुंतवणूकदाराला कोणीच उलगडून सांगत नाही आणि फसवणूक नेमकी त्या भाषेच्या आडून होते, म्हणून हे लिहीत आहे.

एका छोट्या कंपनीचा शेअर तेव्हा रोज अपर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या वरच्या मर्यादेला, लागत होता. त्याची दैनंदिन मर्यादा 5 टक्के होती, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून अधिक वर किंवा खाली जाऊ शकत नव्हता. ज्याला गटात सगळे ‘सर’ म्हणत, तो या शेअरला ‘रॉकेट’ आणि ‘मल्टिबॅगर’ म्हणत होता. मल्टिबॅगर म्हणजे अनेक पटींनी वाढणारा शेअर. पण असा शेअर वाढून झाल्यावर ओळखला जातो, आधीच तसे सांगणारा माणूस बहुधा स्वतःकडचा माल खपवत असतो. बाजारात ‘माल’ म्हणजे शेअर, आणि तो गुपचूप गोळा करून, भाव चढवून, शेवटी लोकांच्या गळ्यात मारणारा तो ‘ऑपरेटर’. ज्यांच्या गळ्यात मारायचा त्यांना ही मंडळी आपसांत ‘बकरा’ म्हणतात. गटात मात्र आम्हाला ‘फॅमिली’ म्हटले जात होते.

मी 92.60 रुपयांनी 1,500 शेअर घेतले, एकूण 1,38,900 रुपयांचे. ज्या क्षणी हे ओळखता आले असते तो क्षण हाच, आणि तो आठवला की आजही संताप अनावर होतो. आधीचे काही दिवस स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात लाखोंचा आकडा दिसत होता. अपर सर्किटवर सगळ्यांच्या ऑर्डर एकाच भावाच्या असल्यामुळे आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो, म्हणून माझी ऑर्डर रोज रांगेत पडून दिवसअखेर रद्द होत असे. त्या दिवशी मात्र दुपारी टाकलेली ऑर्डर क्षणार्धात पूर्ण झाली. याचा अर्थ माझ्यापुढची लाखोंची रांग कोणीतरी एका झटक्यात माल ओतून संपवली होती किंवा ती रांगच खोटी असून ऐनवेळी काढून घेतली होती. पहिल्यांदाच शेअर घेणाऱ्या माणसाला हे कसे कळावे? ऑर्डर पूर्ण झाली याचा त्याला आनंदच होणार, आणि त्या आनंदावरच तर हा सगळा धंदा उभा आहे.

दुसऱ्या दिवशी भाव पडू लागला. ‘सर’ लिहीत होते, ‘हा शेकआउट आहे, कमकुवत हातांना बाहेर काढत आहेत, अॅव्हरेज करा.’ शेकआउट म्हणजे घाबरट लोकांनी विकावे म्हणून मुद्दाम केलेली पाडापाडी. ती खरोखरही होते, म्हणूनच हा शब्द इतका घातक ठरतो. अॅव्हरेज करणे म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेऊन आपला सरासरी भाव खाली आणणे. लोअर सर्किटच्या तोंडावर, 88 रुपयांना, मी आणखी 1,000 शेअर घेतले. गुंतवणूक 2,26,900 रुपयांवर गेली. त्यानंतर भाव लोअर सर्किटला ‘लॉक’ झाला, म्हणजे घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य आले. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकण्याची ऑर्डर, लावलेला असो वा नसो, समोर घेणाराच नसेल तर विकणार कोणाला? अखेर 38.70 रुपयांना सुटका झाली आणि हातात 96,750 रुपये आले. छोट्या शेअरमध्ये अपर सर्किट सुटून भाव पडू लागतो त्या दिवशी कोणी अॅव्हरेज करायला सांगत असेल, तर त्याच क्षणी गट सोडावा. पण त्याआधी संपूर्ण चॅट उतरवून घ्यावी, कारण मी गटात प्रश्न विचारल्यानंतर तासाभरात गट नाहीसा झाला.

ब्रोकरकडून उत्तर आले की सौदा तुमच्याच लॉगिनवरून झाला आहे. पोलिसांनी विचारले, ‘शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये आले होते ना, मग चोरी कसली?’ पैसे कोणाच्या खात्यात पाठवले, हा एकच प्रश्न तिथे फिरून फिरून विचारला गेला. पैसे रीतसर एक्स्चेंजमार्फत जातात आणि समोरचा विक्रेता स्क्रीनवर कधीच दिसत नाही, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. भाव खोटा चढवून लोकांना भुलवणे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2003 च्या नियमांनुसार निषिद्ध आहे. त्या नियमांची प्रत पुढे केली, तर ती न वाचताच परत दिली गेली. आम्ही फसलो ते लोभापायी, असे तोंडावर सांगण्यास मात्र त्यांना वेळ होता. माणूस नवखा आहे, म्हणजे त्याला लुटण्याचा परवाना मिळतो काय?

शेअर सुचवणाऱ्याकडे रिसर्च अॅनालिस्ट म्हणून सेबीकडे केलेल्या नोंदणीचा, INH ने सुरू होणारा क्रमांक मागावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून नाव जुळते का ते पाहावे, कारण दुसऱ्याचा क्रमांकही सर्रास चिकटवला जातो. आमच्या ‘सरां’नी क्रमांक मागणाऱ्या एकाला तत्काळ गटातून काढले होते. त्या वेळी ते नफेखोरांनी पेरलेला माणूस हटवल्यासारखे भासवले गेले. तो सदस्य हे वाचत असेल, तर त्याने त्याच्याकडची चॅट घेऊन तक्रार नोंदवावी, कारण माझ्याकडे फक्त शेवटच्या दोन दिवसांचे स्क्रीनशॉट उरले आहेत.