हँडओव्हरचा फीडबॅक: चेकलिस्टवर द्यावा की एकूण छाप बघून?

नव्या रेसिडेंटच्या हँडओव्हरला फीडबॅक देताना चेकलिस्ट भरायची की पाचपैकी एक आकडा द्यायचा, हे तुमच्या युनिटला ठरवायचं असेल, तर सोलापुरातल्या आमच्या वॉर्डातली एक केस ऐका.

ऊसतोड कामगार, दुपारी दोनला घोणस चावलेली. कोरड्या काचेच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांनंतरही गोठलं नव्हतं. साडेचारला प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू केल्या. सहा तासांनी, म्हणजे साडेदहाला, तीच टेस्ट पुन्हा करायची होती. आठच्या ड्यूटीबदलाला ज्युनियर म्हणाला, "स्नेकबाइट, एएसव्ही दिलंय, लघवी जरा कमी, रात्री टेस्ट रिपीट." आणि तो पुढच्या बेडकडे वळला.

चेकलिस्टवर त्याला दहापैकी नऊ मिळाले. 'बाकी काम सांगितलं का?' हो. 'उपचार सांगितले का?' हो. मी मात्र एकूण छापेला पाचपैकी दोन दिले. किती वाजता टेस्ट करायची, रक्त गोठलं नाही तर पुन्हा दहा व्हायल द्यायच्या, हे तो बोललाच नाही. वॉर्डातला सर्वांत काळजीचा पेशंट त्याने तापाच्या पेशंटच्या सुरात उरकला. चेकलिस्ट काय बोललं ते मोजते. कशावर जोर दिला ते तिच्या हाती लागत नाही.

मग नुसता आकडाच का नको? कारण 'दोन' ऐकून पोरगं उद्या काय बदलणार? शिवाय आकडा देणारा अनुभवी लागतो, आणि तोही फसतो. आमच्याकडे घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे बरेच जण आहेत. मराठीत अडखळणाऱ्याला नकळत एक गुण कमी पडतो आणि फर्ड्या इंग्रजीवाल्याला एक जास्त. पेशंटची माहिती दोघांनी सारखीच दिलेली असते. इथे चेकलिस्ट न्याय करते, आणि ती सीनियर रेसिडेंटही भरू शकतो.

माझं मत विचाराल तर रोजच्या शिकवणीला चेकलिस्ट. याला रात्री एकट्याला सोडायचं का, हे ठरवताना एकूण छाप. दोन्ही वापरणार असाल तर छापेचा आकडा आधी लिहा, त्यासोबत एका वाक्यात कारण लिहा, आणि मगच चेकलिस्टवर खुणा करा. उलट केलं की खुणांची बेरीज बघून आकडा आपोआप चार होतो. (मी स्वतः महिनाभर असंच करत होतो.) नऊ आणि दोन असं अंतर पडलं, तर बोलायचं ते नेमकं त्याच अंतरावर.

"सर, मी सगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. मी रात्रपाळीच्या डॉक्टरलाच विचारलं, "टेस्ट किती वाजता?" ती म्हणाली, "बारा-एकला करते." त्यानंतर ज्युनियरला काही समजावावं लागलं नाही. चेकलिस्टमधली ओळ आम्ही बदलली: 'काम, वेळ आणि जमलं नाही तर पुढे काय, हे घेणाऱ्याने परत म्हणून दाखवलं का?'