कमळ की कुमुदिनी, चंद्र की चांदणरात?

जर्मन भाषेत चंद्र पुल्लिंगी आणि सूर्य स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्ये नेमकं उलट: चंद्र ‘ती’, सूर्य ‘तो’. मराठीत दोघेही ‘तो’. त्यामुळे जर्मन प्रेमकविता मराठीत आणताना चंद्र निमूटपणे सोबत येतो आणि सूर्य अडतो. फ्रेंचमधून आणताना सूर्य येतो, चंद्र अडतो. दादरला आमचा पाच जणांचा अनुवादाचा गट शनिवारी जमतो. गेल्या पावसाळ्यात तिथे एकाच दिवशी दोन कविता आल्या, एक जर्मन कवी हाइनची आणि एक फ्रेंच कवी बोदलेअरची. दोन्हींत चंद्र आहे, तरी दोन्हींना एकच तोडगा चालेना. तुम्ही अशी कविता हातात घेऊन बसला असाल तर त्या दोन अनुभवांचा उपयोग व्हावा.

हाइनची कविता १८२३ सालच्या काव्यमालेतली, कमळावरची. कमळ सूर्याच्या दिमाखाला घाबरतं, मान खाली घालून रात्रीची वाट पाहतं. चंद्र त्याचा प्रियकर. तो आपल्या उजेडाने त्याला जागं करतो आणि कमळ त्याच्यापुढे चेहऱ्यावरचा पदर दूर करतं. जर्मनमध्ये कमळ स्त्रीलिंगी आहे आणि सूर्यही. म्हणजे त्या सबंध कवितेत पुरुष एकटा चंद्र. हे हातातून निसटलं की कविता बिघडते, कारण मराठीत ‘सूर्य’ लिहिल्याबरोबर दुसरा पुरुष आत येतो. भोळं भय राहत नाही. एका पुरुषाला टाळून दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीची गोष्ट होते. त्यात आपल्याकडे कमळ सूर्याचंच. दादरच्या फुलबाजारात पहाटे मिटलेल्या कळ्या घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की ऊन चढलं की त्या उमलणार.

पहिला मार्ग नाव बदलण्याचा. संस्कृत परंपरेत चंद्राची प्रिया तयारच आहे: कुमुदिनी, रात्री उमलणारी. लिंग जुळतं, नातं जुळतं, आणि ‘तिचा साजण चंद्र’ असं सरळ लिहिता येतं. (मूळचा शब्द थोडा जुना, किंचित चोरट्या प्रेमाचा आहे. ‘प्रियकर’ त्यापुढे फार कोरडा वाटतो, ‘जार’ फार कठोर. मला ‘साजण’ जवळचा वाटतो.) पण किंमत मोठी. कुमुदिनी चंद्रासाठी फुलते यात मराठी वाचकाला नवल काहीच नाही. हाइनचं कमळ उलट्या वेळी जागं होतं, याचं नवल आहे. हाइन बॉनला श्लेगेलच्या हाताखाली शिकला आणि श्लेगेल संस्कृतचा अभ्यासक होता. तेव्हा कमळ हे भारताकडूनच त्याच्याकडे गेलेलं फूल. ते परत आणताना त्याचं नाव बदलायला माझं मन तयार होत नाही.

दुसरा मार्ग कमळ ठेवून लिंग लपवण्याचा. इथे मराठीचं व्याकरण अनपेक्षितपणे मदतीला येतं. छापील मराठीत ‘ती फुलते’ आणि ‘ते फुलते’ यांत क्रियापद एकच. त्यामुळे ‘कमळ फुलते, उजळते, थरथरते’ असं लिहीत गेलं तर शेवटच्या कडव्यातली सगळी क्रियापदं कानाला स्त्रीची वाटू शकतात. अट एवढीच की बोलीतलं ‘फुलतं’ वापरायचं नाही, भूतकाळ टाळायचा आणि सर्वनाम येऊ द्यायचं नाही. एक ‘त्याला’ आला की कमळाचा पुरुष होतो, कारण ‘त्याला’ पुल्लिंगाचंही रूप आहे. म्हणून ‘चंद्र त्याला जागवतो’ ऐवजी ‘चंद्र उजेडाने जागवतो’. ‘त्याचा साजण’ ऐवजी नुसतं ‘साजण म्हणजे चंद्र’.

राहिला सूर्य. मरीन ड्राइव्हवर बसून समुद्रात बुडणारा ‘तो’ पाहत वाढलेल्या वाचकाला सूर्याची बाई करून दाखवणं मला जमलं नाही. ‘उषा’ किंवा ‘प्रभा’ म्हणून पाहिलं, पण उषेला कोण घाबरणार? शेवटी ‘ऊन’ उपयोगी पडलं. मूळ ओळीत भय सूर्याच्या दिमाखाचं आहे, सूर्य या व्यक्तीचं नाही. ‘उन्हाच्या दिमाखापुढे कमळ बावरते’ असं केलं की नपुंसकलिंगी ऊन कुणाचाही प्रतिस्पर्धी होत नाही. या कवितेसाठी माझा कौल लिंग लपवण्याला आणि उन्हाला.

बोदलेअरच्या सुनीतात गोष्ट अवघड आहे. आज रात्री चंद्र नेहमीपेक्षा आळसावून स्वप्नं पाहतो, उशांच्या राशीवर पहुडलेल्या सुंदरीसारखा. उपमा पहिल्या चार ओळींतच संपते. पाचव्या ओळीपासून चंद्र स्वतःच ‘ती’ म्हणून लोळत राहतो. गटातल्या मित्राच्या पहिल्या खर्ड्यात सुरुवात छान होती आणि सहाव्या ओळीत ‘निजला’ आलं. तिथे बाईचा पुरुष झाला. मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत त्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

नाव बदलण्याचे पर्याय इथे फसवे आहेत. ‘चांदणी’ हिंदीच्या सवयीने सुचते, पण मराठीत ती तारका. ‘चंद्रकळा’ म्हटलं की माझ्या आईला काळी साडी आठवते, आणि तिचं काही चुकत नाही. ‘चंद्रकोर’ने चंद्र अपुरा होतो. ‘पौर्णिमा’ ही तिथी, तिला देह नाही. सगळ्यांत बरी ‘चांदणरात’: ‘चांदणरात आळसावली’ हे ऐकायला सहज आहे. पण पुढे ढगांच्या मऊ राशींवर पाठ टेकायची आहे आणि एक अश्रू खाली पडू द्यायचा आहे. रात्र सगळीकडे पसरलेली. ती टेकणार कशावर?

म्हणून इथेही चंद्रच ठेवावा, पण वेगळ्या युक्तीने. रीतिभूतकाळात लिंग दिसत नाही: ‘तो पाही’, ‘ती पाही’. भविष्यकाळातही नाही: ‘येईल’ दोघांना सारखं. आणि सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे पाहतं: ‘चंद्राने एक अश्रू ढाळला’ यात ‘ढाळला’ अश्रूचं आहे, चंद्राचं नाही. विशेषणं ‘शांत’, ‘मंद’, ‘शुभ्र’ अशी न बदलणारी घ्यायची. ‘गोरा’, ‘पांढरा’ नको. ‘निजला’च्या जागी ‘डोळे मिटून राही’ आलं आणि सुंदरी पाचव्या ओळीपलीकडेही टिकली. ती मूळइतकी ठसठशीत नाही, हे खरं.

खर्डा झाला की प्रत्येक क्रियापदाचा शेवट, प्रत्येक ‘त्या’ आणि ‘ति’ पेन्सिलीने अधोरेखित करा. चंद्राला चिकटलेलं ‘-ला’, ‘-तो’, ‘त्याचा’ तीनपेक्षा जास्त ठिकाणी निघालं आणि काढता येईना, तर मग चांदणरात घ्या. मित्राच्या दुसऱ्या खर्ड्यात असं एकच ठिकाण उरलं होतं. शेवटच्या ओळीला मात्र हातच लावावा लागला नाही. झोपेचा वैरी असलेला कवी तो फिकट अश्रू ओंजळीत झेलतो आणि काळजात लपवतो, ‘सूर्याच्या नजरेपासून दूर’. फ्रेंच सूर्यही ‘तो’च, आणि त्याची ती नजर मराठीत जशीच्या तशी पुरुषाची उतरली.