अंगठ्यावर चालणारे बचत खाते: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या आत्यांना सही करता येत नाही. वारज्यातील एका बँकेच्या शाखेत आम्ही त्यांचे किमान शिल्लक न लागणारे बचत खाते उघडले आणि तेव्हापासूनचे व्यवहार मी त्यांच्यासोबत जाऊन पाहत आलो आहे.

खाते उघडताना अडचण आली ती यंत्राची. आयुष्यभर भांडी घासून आत्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यामुळे आधारची बायोमेट्रिक पडताळणी होईना. शेवटी कागदी अर्ज, आधारची प्रत, फोटो आणि पॅन नसल्यामुळे फॉर्म ६० यांवर काम झाले. शाईचा ठसा मात्र नीट उठला. शाई जास्त लागली की ठशाचा नुसता काळा डाग होतो, म्हणून पॅडवर अंगठा हलका टेकवून कागदावर एकदाच दाबावा, घासू नये. नॉमिनीच्या अर्जावर सही असेल तर साक्षीदार लागत नाहीत, पण अंगठा असेल तर दोन लागतात, हे आधी कोणी सांगितले नव्हते. शेजारच्या काकूंना त्यासाठी पुन्हा यावे लागले.

प्रत्यक्ष वापरात हे खाते ठशापेक्षा चेहऱ्यावर चालते. आत्यांनी पासबुक घेऊन स्वतः जायचे, विड्रॉल स्लिप मी भरायची, अधिकाऱ्यांनी पासबुकावरचा फोटो पाहून रक्कम त्यांना विचारायची, मग त्यांच्यासमोर अंगठा आणि त्याखाली अधिकाऱ्यांची सही. त्यानंतरच कॅशिअर पैसे देतो. घरून अंगठा उठवून आणलेली स्लिप तिथे घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण कोऱ्या स्लिपवरच्या अंगठ्यापुढे कोणीही कोणताही आकडा लिहू शकतो. चेकबुक मिळाले नाही. एटीएम कार्ड आम्हीच घेतले नाही, कारण पिन दुसऱ्याच्या हाती गेला की समोरासमोर ओळख पटवण्याचा हा सगळा उपयोग संपतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. आत्या घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले आणि औषधांसाठी पैसे हवे होते. काउंटरवर ‘मुखत्यारपत्र आणा’ एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठ्याची ओळख पटवली की पैसे काढता येतात, हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचाही चालतो. पैसे कोणी घ्यायचे हेही खातेदाराने सांगायचे असते. मी शाखाधिकाऱ्यांना तसा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा एक अधिकारी घरी आले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मला बाजूला ठेवून आत्यांनाच विचारले, ‘आजी, किती काढायचे आणि कोणाच्या हातात द्यायचे?’

अशी वेळ येण्याआधीच शाखाधिकाऱ्यांना भेटून घरी येण्याची सोय विचारून ठेवावी; सत्तरीपुढच्या ग्राहकांसाठी तशी सेवा देण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे.