आईच्या खात्यासाठी पैसे आपण भरायचे, खातं मात्र आईचंच ठेवायचं: तीन मार्ग, शेजारी-शेजारी

दूर राहणाऱ्या आईच्या फोनवर स्टोरेज भरल्याची सूचना येऊ लागली, की मुलं सहसा तीनपैकी एक मार्ग धरतात. कुणी आपलं कार्ड आईच्या खात्याला जोडतं, कुणी तिला आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतं, तर कुणी गिफ्ट कार्ड विकत घेऊन कोड पाठवतं. पैसे तिन्हींत तुमचेच जातात आणि पहिल्या दिवशी आईला काही फरक जाणवत नाही. नूतनीकरणाची तारीख येते, कार्ड बदलतं किंवा आईला ते सदस्यत्व नकोसं होतं, तेव्हा खरा फरक कळतो.

ही तुलना मी क्लाउड स्टोरेजवरच ठेवतो आहे, कारण भेट म्हणून घेतल्या जाणाऱ्या सदस्यत्वांत सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे. गाण्यांचं सदस्यत्व संपलं तर जाहिराती सुरू होतात, तेवढंच. स्टोरेज संपलं तर आईचे फोटो आणि मेल अडतात.

आपल्या ईमेलवर नवीन खातं उघडून आईला पासवर्ड सांगणं, हाही एक मार्ग लोक वापरतात. तो मी विचारातच घेत नाही. तिथे आई स्वतःच्याच फोटोंची पाहुणी होते, आणि पडताळणीचा प्रत्येक कोड तुमच्या फोनवर येतो.

आधी खातं कुणाचं आहे ते पाहा

कोणताही मार्ग निवडण्याआधी आईला फोन करून गूगल फोटोज उघडायला सांगा. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की ईमेल पत्ता दिसतो. फोन घेताना दुकानदारानं किंवा नातवानं घाईत बनवलेला पत्ता तिथे निघणं अगदी नेहमीचं आहे. मग खात्याच्या सुरक्षा विभागात Recovery phone खाली कोणता नंबर आहे ते बघायला सांगा. तिथे बंद पडलेला किंवा दुसऱ्याच कुणाचा नंबर असेल, तर त्या खात्यासाठी पैसे भरू नका. आधी नंबर बदलून घ्या. पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवताना हाच नंबर कामाला येतो, म्हणून तो आईचा चालू नंबर असला पाहिजे. तुमचा नंबर तिथे टाकलात, तर प्रत्येक वेळी तिला तुमच्या फोनची वाट बघावी लागेल, आणि तिचं खातं उघडण्याची सोय तुमच्या हाती राहील.

मार्ग पहिला: आपलं कार्ड आईच्या खात्यात

सगळ्यात झटपट होणारं काम हेच. सदस्यत्व आईच्या खात्यावर असतं, पावत्या तिच्या मेलवर येतात आणि बंद करायचं बटणही तिच्याकडेच असतं. नियंत्रणाच्या बाबतीत या मार्गात खोट काढण्यासारखं फारसं नाही.

अडचण आहे ती कार्डाची. ते कार्ड त्या खात्याचं पैसे भरण्याचं साधन होऊन बसतं, फक्त स्टोरेजपुरतं मर्यादित राहत नाही. एखाद्या खेळात चुकून दाबलेली खरेदी किंवा ‘मोफत चाचणी’ म्हणून सुरू केलेलं ॲप, सगळ्याचे पैसे तिथूनच जातात. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व बंद झालं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही, पैसे कापले जातच राहतात. मग तुम्ही फोन करून विचारता, “आई, हे कशाचे पैसे गेले?” भेट दिलेली असताना आईला हिशेब द्यावा लागतो, आणि पुढच्या वेळी काही हवं असलं तरी ती बोलत नाही. त्यातच बँक ओटीपी मागते तो तुमच्या फोनवर येतो, म्हणजे व्यवहार पुरा व्हायला दोघांनी एकाच वेळी मोकळं असावं लागतं.

मार्ग दुसरा: फॅमिली प्लॅन

या मार्गाबद्दल लोकांना उगाच भीती वाटते ती खासगीपणाची. गूगल वन, म्हणजे पैसे भरून जादा जागा घेण्याची गूगलची सेवा, तिच्या फॅमिली ग्रुपमधल्या कुणालाही दुसऱ्याचे फोटो किंवा फाइली आपोआप दिसत नाहीत. ग्रुपमधल्यांना एकमेकांचं नाव, चित्र आणि ईमेल दिसतं, आणि कोण किती जागा वापरतं ते प्रमुखाला कळतं. आईचं खातं तिचंच राहतं, तिचे मोफतचे १५ जीबीही तिचेच राहतात आणि ते भरल्यावर ती सामायिक जागेतून घेऊ लागते. प्रमुखासह सहा जण मावतात, त्यामुळे तुमच्याकडे प्लॅन आधीच असेल तर वेगळा खर्चही नाही.

मग मी हा मार्ग पहिला का सुचवत नाही? कारण यात खातं आईचं असलं तरी जागा तुमची असते. तुम्ही प्लॅन बंद केला, तुमचं कार्ड नाकारलं गेलं किंवा ग्रुप मोडला, की तिची सामायिक जागा जाते आणि ती पुन्हा १५ जीबीवर येते. समजा, तोवर तिचे ४० जीबी भरलेले आहेत. फोटो लगेच पुसले जात नाहीत, पण नवीन फोटो चढणं थांबतं आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. खातं सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं, तर गूगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. लक्षण ओळखण्याची एक खूण सांगतो. आई म्हणते, “बँकेचे मेल आले नाहीत बरेच दिवसांत.” तेव्हा बँकेला दोष देण्याआधी स्टोरेज बघावं.

देशाचीही एक अट आहे. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये सगळे एकाच देशातले लागतात आणि ग्रुप १२ महिन्यांत एकदाच बदलता येतो. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही सगळ्यांच्या खात्यांचा देश एकच असावा लागतो. तुम्ही परदेशी आणि आई मायदेशी असेल, तर हा पर्याय इथेच संपतो. आणि हाच हिशोब गाण्या-चित्रपटांच्या फॅमिली प्लॅनला लावू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनला सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. वेगळ्या गावी राहणाऱ्या आईला त्यात घेणं नियमात बसत नाही, आणि पडताळणी झाली की तिचं सदस्यत्व जाऊ शकतं.

मार्ग तिसरा: गिफ्ट कार्डाची शिल्लक

माझा कौल याला. गूगल प्ले किंवा ॲपलचं गिफ्ट कार्ड आईनं आपल्या खात्यात भरलं, की ती रक्कम तिची शिल्लक होते. त्यातून सदस्यत्व तिनं घ्यायचं आणि नको झालं तर तिनंच थांबवायचं. तुमचं कार्ड कुठेच नसतं, म्हणून चुकीची खरेदी झाली तरी ती शिल्लकेपुरतीच.

एक उदाहरण घेऊ. आईच्या खात्यात १५ पैकी १४.६ जीबी भरलेले आहेत आणि फोटो-व्हिडिओ मिळून महिन्याला साधारण १ जीबी वाढतो. १०० जीबीचा प्लॅन घेतला, तर याच गतीनं सात वर्षं पुरेल. म्हणजे मोठ्या प्लॅनची गरजच नाही. आता आईला गूगल वनमध्ये १०० जीबीचा वार्षिक प्लॅन निवडायला सांगा, पण पैसे भरायच्या पायरीवर थांबवा. तिथे गूगल प्लेची शिल्लक हा पर्याय दिसतो का आणि करासह रक्कम किती दाखवतात, ते वाचून घ्या. दिसत असेल तरच त्याहून थोड्या जास्त रकमेचं कार्ड घ्या. कार्ड आईच्या खात्याच्या देशातलं हवं. दुसऱ्या देशात घेतलेला कोड तिच्या खात्यात चालत नाही. परदेशातून भेट देणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं, तेव्हा कार्ड आईच्या देशातल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं.

कोड भरायला प्ले स्टोअर उघडून वरच्या गोल चित्रावर बोट ठेवायचं, मग Payments & subscriptions आणि त्यात Redeem code. फोनवर एकापेक्षा जास्त खाती असतील, तर योग्य ईमेल निवडलेला आहे ना हे आधी बघायचं. चुकीच्या खात्यात गेलेली शिल्लक दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. आयफोनवर ॲप स्टोअरमध्ये असाच पर्याय आहे, आणि ॲपलच्या शिल्लकेतून आयक्लाउडच्या जागेचेही पैसे भरता येतात.

या मार्गाला दोन दुखरी ठिकाणं आहेत. पहिलं म्हणजे नूतनीकरण. वर्षानं शिल्लक अपुरी निघाली आणि दुसरं साधन जोडलेलं नसेल, तर पैसे जात नाहीत. थोड्या मुदतीनंतर प्लॅन बंद होतो आणि वर सांगितलेली मर्यादेबाहेरची अवस्था सुरू होते. त्याची सूचना जाते आईच्या मेलवर, जी ती वाचेलच असं नाही. म्हणून संपण्याच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण तुमच्या फोनमध्ये लावा आणि तेव्हाच पुढचं कार्ड पाठवा. भाव वाढलेला असू शकतो, म्हणून रक्कमही तेव्हाच पुन्हा विचारून घ्या.

दुसरं ठिकाण अधिक काळजीचं. गिफ्ट कार्डाचा कोड म्हणजे रोख पैसाच. तो ज्याच्या हाती पडला त्यानं वापरला, की परत मिळत नाही. फसवणूक करणारे वयस्कर माणसांना फोन करून नेमके असेच कोड वाचून दाखवायला सांगतात. कोड पाठवताना आईला स्पष्ट सांगा: हा कोड फक्त प्ले स्टोअरमध्ये टाकायचा, फोनवर कुणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा बँकेचा, पोलिसांचा किंवा कंपनीचा म्हणवत असला तरीही. मी तर कोड आधी पाठवून ठेवूच नये म्हणतो. दोघं बोलत असताना पाठवावा आणि लगेच भरून घ्यावा.

“पण उद्या तिला काही झालं तर?”

पासवर्ड स्वतःकडे ठेवणाऱ्या मुलांचं हे कारण खरं असतं, आणि त्याला पासवर्डशिवाय उत्तर आहे. गूगलच्या Inactive Account Manager मध्ये आई स्वतः ठरवू शकते, की खातं ठरावीक काळ, कमीत कमी तीन महिने, वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यांना फोटो द्यायचे की मेलही. ॲपलमध्ये Legacy Contact आहे, त्यात तिच्या पश्चात कुणाला माहिती मिळावी ते ती नेमून ठेवते. कुणाचं नाव घालायचं हे तिनं ठरवायचं. ते तुमचंच असेल असं धरून चालू नका.

आईला विसरायला होत असेल, तारखा आणि कोड यांचा तिला ताण होत असेल आणि तुम्ही दोघं एकाच देशात असाल, तर मी फॅमिली प्लॅनकडे वळेन. त्यात तिला दरवर्षी काहीच करावं लागत नाही. मात्र तेव्हा एक गोष्ट तिला आधी सांगावी, की ही जागा माझ्या प्लॅनमधून येते आणि तो बंद करायची वेळ आली तर मी तुला महिनाभर आधी कळवेन. तेवढ्या अवधीत तिचे फोटो तिच्याच खात्यावर घेतलेल्या १०० जीबीच्या प्लॅनमध्ये जसेच्या तसे राहू शकतात. काही हलवावं लागत नाही, फक्त जुना प्लॅन संपताच तिचा नवा प्लॅन सुरू झाला पाहिजे.