स्प्लिट टेस्ट: एकदाच निकाल की ठरावीक टप्प्यांवर?

स्प्लिट टेस्ट म्हणजे लोकांचे दोन गट करून एकाला जुनं आणि दुसऱ्याला नवं रूप दाखवायचं आणि कोणतं चांगलं चालतं ते बघायचं. ती लावताना दोन रस्ते असतात. एक, नमुना आधी ठरवायचा आणि तो पूर्ण झाल्यावर एकदाच निकाल वाचायचा. दुसरा, मधले टप्पे आधीच ठरवून प्रत्येक टप्प्यावर वेगळी, कडक अट लावायची. मी दोन्ही वापरले आहेत.

पहिल्यात हिशोब सरळ आहे. आमच्या नोंदणीच्या फॉर्मचं कन्व्हर्जन, म्हणजे फॉर्म बघणाऱ्यांपैकी नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्के होतं. ते ६ टक्के झालं तर आम्हाला कळायला हवं होतं. ५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना तो आहे असं ठरवण्याचा धोका, आणि ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक पकडण्याची शक्यता, धरून प्रत्येक गटात साधारण ८,२०० लोक लागत होते. पकडायचा फरक निम्मा केला की हा आकडा जवळपास चौपट होतो, त्यामुळे 'किती फरक झाला तर आपण फॉर्म बदलू?' हे आधी ठरवावंच लागतं.

माझी अडचण हिशोबात नव्हती, डॅशबोर्डात होती. प्रत्येक गटात २,००० लोक झाले तेव्हा जुन्या फॉर्मवर १०० नोंदण्या होत्या, नव्यावर १३२. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०३ होतं, ०.०५ च्या खाली. सगळे म्हणाले, जिंकलो, थांबवा. मी नको म्हणालो, आणि पुढचे कितीतरी दिवस रोज तोच वाद घालत बसलो. शेवटी आकडे आले ४१० आणि ४३०, पी-मूल्य ०.४८ च्या आसपास. सुरुवातीचा फरक जवळजवळ विरून गेला होता. फॉर्ममध्ये काहीच फरक नसतानाही, समान अंतरावर चार वेळा डोकावून दर वेळी ०.०५ चीच अट लावली, तर खोटा विजय मिळण्याची शक्यता ५ वरून साधारण १३ टक्क्यांवर जाते.

दुसऱ्या रस्त्यात हा वाद आधीच मिटतो. ओब्रायन-फ्लेमिंग पद्धतीने चार टप्पे घेतले तर पी-मूल्यासाठीच्या अटी साधारण ०.००००५, ०.००४, ०.०१९ आणि ०.०४३ अशा येतात. आमचं ०.०३ पहिल्या टप्प्यावर या अटीच्या आसपासही पोचलं नसतं. किंमत म्हणाल तर कमाल नमुना दोन-तीन टक्क्यांनीच वाढतो. फरक खरंच मोठा असेल, तर बरेचदा आधीच सुटका होते.

एक उणीव मात्र आहे: लवकर थांबलेल्या टेस्टमधला फरक खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याकडे झुकतो. म्हणून नेमकी किती वाढ झाली हे सांगायचं असेल, तर मी अजूनही पूर्ण नमुन्याची वाट बघतो. आणि टप्पा कोणताही असो, तो पूर्ण आठवड्यांवरच संपवतो, कारण सुट्टीच्या दिवशी येणारे लोक वेगळे वागू शकतात.

आकडे फक्त तुम्हीच बघणार असाल आणि डोकावणार नसाल, तर पहिला रस्ता पुरेसा आहे, कदाचित सोपाही. पण डॅशबोर्ड चार जणांसमोर उघडा असेल, तर मी टप्प्यांची टेस्ट लावेन आणि चारही अटी पहिला माणूस टेस्टमध्ये येण्याआधी सगळ्यांना लिहून पाठवेन.